लघवीला मुंग्या आणि टीएमचा इतिहास

लघवीला मुंग्या लागल्या की साखरेची शंका, हे अमरावती-अकोल्याकडच्या घरांत तपासणीआधीच ठरून जातं. हे निरीक्षण चरकसंहितेतही आहे. पण रक्तातली साखर १४० झाली तरी मुंग्या येत नाहीत, ३०० झाली की येतात. असं का?

याचं मोजून दिलेलं उत्तर १९३८ मधलं. न्यूयॉर्कमध्ये शॅनन आणि फिशर यांनी कुत्र्यांच्या रक्तात ग्लुकोज वाढवत नेलं. गाळून आलेल्या ग्लुकोजमधून लघवीतलं ग्लुकोज वजा केलं, की परत शोषलेलं किती ते कळतं. हा आकडा आधी वाढत गेला आणि मग एका जागी थांबला. त्यापुढे कितीही ग्लुकोज द्या, शोषण तेवढंच! या कमाल मर्यादेला ट्रान्सपोर्ट मॅक्झिमम, म्हणजे टीएम, हे नाव रूढ झालं.

माणसाचं गणित करून पाहू. मूत्रपिंडं मिनिटाला सुमारे १२५ मिलि गाळतात. साखर १०० (मिग्रॅ प्रति १०० मिलि) असेल तर मिनिटाला १२५ मिग्रॅ ग्लुकोज गाळलं जातं. टीएम साधारण ३७५ धरा. सगळं परत येतं. साखर ४०० झाली तर गाळलेलं ५००, परत आलेलं ३७५, आणि उरलेलं १२५ मिग्रॅ दर मिनिटाला लघवीत. तासाला साडेसात ग्रॅम.

या हिशेबाने लघवीत साखर ३०० च्या पुढेच दिसायला हवी. प्रत्यक्षात ती १८०-२०० लाच दिसू लागते, कारण सगळे नेफ्रॉन सारखे नसतात. काहींची मर्यादा लवकर भरते. आलेखातल्या या गोलाईला स्प्ले म्हणतात. परीक्षेत थ्रेशोल्ड आणि टीएम एकच समजणारे इथेच अडकतात.

मर्यादा का, हे नंतर उलगडलं. प्रॉक्सिमल ट्युब्यूलच्या पेशीतला पंप सोडियम रक्ताच्या बाजूला फेकत राहतो, म्हणून पेशीत सोडियम कमी असतं. नलिकेतलं सोडियम आत घुसताना एसजीएलटी-२ या वाहकावर ग्लुकोजलाही सोबत आणतं. वाहक मोजकेच, सगळे भरले की टीएम आला. अमिनो आम्लांचे वाहक वेगळे, त्यामुळे त्यांच्या मर्यादाही वेगळ्या. सोडियमला मात्र असा टीएम दिसत नाही. जास्त गाळलं तर जास्त शोषलं जातं, प्रमाण मात्र दोन तृतीयांशाच्या आसपास राहतं.

हाच वाहक पुढे औषधाचं लक्ष्य झाला. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतलं फ्लोरिझिन ग्लुकोज लघवीत सोडतं, हे फॉन मेरिंगने १८८६ मध्येच दाखवलं होतं. त्याच घराण्यातलं रेमोग्लिफ्लोझिन मुंबईच्या ग्लेनमार्कने २०१९ मध्ये बाजारात आणलं, तेही जगात सर्वप्रथम भारतात. हे औषध घेणाऱ्याची साखर ११० असली तरी लघवीत ग्लुकोज सापडतं, म्हणून अशा पेशंटची लघवीची पट्टी पाहून मधुमेह बिघडला असं ठरवता येत नाही. आणि तरीही सगळं ग्लुकोज वाहून जात नाही: नलिकेच्या पुढच्या भागातला एसजीएलटी-१ निसटलेल्यातलं बरंचसं उचलून घेतो.