सूर्य कोणासाठी काळवंडत नाही

दहावीच्या उर्दू वर्गात मीर अनीस यांच्या मर्सियाबद्दल बोलत होतो. आशूराच्या पहाटेचे वर्णन समजावून झाले आणि एका मुलीने विचारले, ‘‘सर, त्या दिवशी इमाम हुसैन शहीद होणार होते. मग सकाळ इतकी सुंदर कशी?’’

प्रश्न अगदी योग्य होता. शाळेत आपणच मुलांना शिकवतो, की कवी दुःखी असला की आभाळ भरून येते आणि आनंदी असला की फुले हसतात. इंग्रज समीक्षक जॉन रस्किन यांनी 1856 साली या सवयीला ‘पॅथेटिक फॅलसी’ असे नाव दिले. भावनेच्या भरात आपण आपले मन निसर्गावर लादतो आणि मग निसर्गच रडतो आहे असे मानतो, हा त्यांचा आक्षेप होता. मराठी व्याकरणातली चेतनगुणोक्ती याच्या जवळची असली, तरी तिथे निर्जीव वस्तू माणसासारखी वागली की पुरे. इथे ती बोलणाऱ्याच्याच मनासारखी वागते.

हा भ्रम जुना आहे. इ.स. 632 मध्ये मदीनेत प्रेषित मुहम्मद (स.) यांचा लहानगा मुलगा इब्राहीम वारला. तो दोन वर्षांचाही नव्हता. त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले, इब्राहीमच्या मृत्यूमुळे सूर्य काळवंडला. शोकात बुडालेल्या बापाला ही समजूत किती गोड वाटली असती! पण प्रेषितांनी ती तिथेच खोडून काढली. सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, त्यांना कोणाच्या मरणाने किंवा जगण्याने ग्रहण लागत नाही, असे सांगून त्यांनी लोकांना नमाजला उभे केले. मुलासाठी त्यांचे डोळे वाहिले होते, हेही हदीसमध्ये आहे. दुःख खरे होते, पण सूर्याला त्यात ओढायचे नव्हते.

आता लखनौच्या अनीस यांच्याकडे येऊ. रस्किन यांचे पुस्तक आले तेव्हा ते हयात होते. 1874 मध्ये ते वारले. त्यांच्या ‘जब क़ता की मसाफ़त-ए-शब आफ़ताब ने’ या मर्सियाची सुरुवात आशूराच्या पहाटेने होते. मंद वारा आहे, दव आहे, फुले आहेत, पाखरांचा किलबिलाट आहे. हा निसर्ग शोक करत नाही. पाखरे रडत नाहीत, ती अल्लाहची स्तुती करतात. प्रत्येक वस्तू आपापल्या परीने त्याची तस्बीह करते, हे कुरआनचे सांगणे अनीस इथे दृश्य करून दाखवतात. निसर्ग आपल्या इबादतीत आहे आणि तंबूंतली माणसे फज्रच्या नमाजात. ऐकणाऱ्याला मात्र ठाऊक असते, की संध्याकाळपर्यंत यातले बहुतेक जण उरणार नाहीत. आभाळ रडले असते तर आपल्या वाटचे रडणे त्यानेच उरकले असते. ते रडत नाही, म्हणून सगळा भार मजलिसमध्ये बसलेल्यांवर येतो.

मग अनीस यांनी हा भ्रम कायमचा टाकून दिला का? नाही. त्याच मर्सियात पुढे लढाईच्या वेळचा उन्हाळा येतो. जमीन तापते, झाडे वाळतात, नदीतले मासेही होरपळतात. करबलाची घटना इ.स. 680 च्या ऑक्टोबरमधली. इराकमध्ये तेव्हा ऊन असते, पण जून-जुलैची आग नसते. म्हणजे हा उन्हाळा हवामानाच्या नोंदीतून आलेला नाही. तो तीन दिवस पाणी न मिळालेल्या माणसांच्या घशातून आला आहे. पहाटेच्या फुलांबद्दलही टीकाकार म्हणत आले, की ही सकाळ अरबी वाळवंटाची नव्हे, अवधच्या बागेची आहे. आक्षेप खरा आहे. पण इतिहास म्हणून जे चुकीचे, ते कविता म्हणून कशासाठी आले, हेही विचारावे लागते. अनीस यांनी एकाच रचनेत निसर्गाला आधी माणसाच्या दुःखापासून वेगळे ठेवले आणि मग त्यात ओढले. पहाट शांत होती, म्हणूनच दुपार इतकी भाजते.

मी त्या मुलीला यातले थोडेच सांगू शकलो, तास संपला होता. एवढेच म्हणालो, ‘‘बेटा, तुझ्या घरात कोणी वारले होते तेव्हा बाहेर काय चालले होते, आठव.’’

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘नानी गेल्या त्या दिवशी समोरच्या मैदानात मुले क्रिकेट खेळत होती. छान ऊन पडले होते. मला त्या उन्हाचा फार राग आला होता.’’

मी फळा पुसला. अनीस यांची पहाट तिला समजली होती.