एका मुलीचे आजोबा दोनदा कसे वारले?

चूक माझीच होती, म्हणून आधी तीच सांगतो.

मागच्या वर्षी शेजारच्या वहिनी एक कागद घेऊन आल्या. नवरा चाकणच्या एका कारखान्यात, मूळ गाव लातूरकडचं, मुलगी इंग्रजी शाळेत तिसरीला. म्हणाल्या, "भाऊ, एवढं इंग्रजीत करून द्या. मॅडमना मराठी वाचता येत नाही."

कागदावर त्यांच्या स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं:

"मा. मुख्याध्यापिका यांस. विषय: पाल्यास रजा मिळणेबाबत. महोदया, वरील विषयान्वये विनंती करते की, माझी मुलगी इयत्ता तिसरीमध्ये शिकत आहे. तिचे चुलत आजोबा गावी वारले असून आम्हाला सुतक आहे. दशक्रिया व तेराव्याचे कार्य असल्याने तिला तेरा दिवसांची रजा मिळावी, ही नम्र विनंती. आपली विश्वासू."

मला बातमी पाठवायची घाई होती. पाच मिनिटांत इंग्रजी करून दिलं. चुलत आजोबांचं केलं 'ग्रँडफादर'. सुतक गाळूनच टाकलं. कार्याचं केलं 'रिलिजियस फंक्शन'. वहिनींनी खाली सही केली आणि कागद शाळेत गेला.

यंदा त्या मुलीचे सख्खे आजोबा गेले. पुन्हा अर्ज गेला. या वेळी दुसऱ्या कुणीतरी करून दिला आणि बरोबर करून दिला. मॅडमनी फाइल उघडली. दोन्ही अर्जांवर तेच: ग्रँडफादर वारले. त्यात पहिल्या अर्जात फंक्शनसाठी तेरा दिवस! वर्गातच मुलीला विचारलं, "कितने ग्रँडफादर हैं तुम्हारे?" पोरगी घरी येऊन रडली. तिची चाचणी बुडाली होती, ती परत घ्यायची की नाही हेही त्या अर्जावर अडलं. वहिनी शाळेत गेल्या, पण बाजू मांडणार कशी? आपण कशावर सही केली होती हेच त्यांना वाचता येत नव्हतं.

तेव्हापासून हा रजेचा अर्ज माझ्या डोक्यात बसलाय. त्याचा इतिहास शोधत गेलो, तर हा साधा कागद फार जुना आणि फार सरमिसळ निघाला.

आधी 'अर्ज' आणि 'रजा' हे शब्द घ्या. दोन्ही मूळ अरबी, फारसीतून मराठीत आलेले. अर्ज म्हणजे पुढे मांडणं, सादर करणं. रजा म्हणजे राजीपणा, संमती. 'राजी' हा शब्दही त्याच कुळातला. जुन्या बखरींत सरदार 'रजा घेऊन' निघतो, म्हणजे परवानगी घेऊन निघतो. सुट्टी सगळ्यांना मिळते, रजा एकट्याला मागावी लागते. आणि गंमत बघा, इंग्रजी 'लीव्ह'चा मूळ अर्थही परवानगी हाच. म्हणजे या कागदावरचा एक शब्द तरी भाषांतरात काहीही न सांडता पलीकडे जातो.

हे फारसी-अरबी शब्द काढून टाकायचे प्रयत्न आपल्याकडे जुने आहेत. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करून घेतला, तो कारभारातल्या अशा शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठीच. पुढे विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली. 'दिनांक', 'मुख्याध्यापक' या शब्दांचं श्रेय त्यांना दिलं जातं. आज अर्जावर आपण 'तारीख' न लिहिता 'दिनांक' लिहितो, 'हेडमास्तर' न लिहिता 'मुख्याध्यापक' लिहितो. पण अर्ज आणि रजा काही हलले नाहीत.

आता कागदाची मांडणी बघा. वर कोणाला ते, मग विषय, मग महोदय, मजकूर, आणि शेवटी 'आपला विश्वासू' लिहून सही. ही मराठी पद्धत नव्हे. पेशवाईतलं विनंतीचं पत्र काढून बघा. वर 'श्री', मग ज्याला लिहायचं त्याचा लांबलचक मायना, लगेच 'विनंती सेवक' म्हणून लिहिणाऱ्याचं नाव, साष्टांग नमस्कार, आणि मग 'विनंती विशेष' म्हणून मुद्दा. म्हणजे कोण लिहितोय ते सुरुवातीलाच कळायचं. मजकूर मोडीत, शब्द न तोडता, पूर्णविराम-स्वल्पविराम काहीही नसलेला. ती विरामचिन्हं मराठीत रुजवली इंग्रज काळात मेजर कँडीने. 'विषय' आणि 'आपला विश्वासू' ही तर इंग्रज कचेरीतल्या पत्राची सरळ नक्कल. 'युअर्स फेथफुली'चं मराठी.

तेव्हा वहिनींचा मराठी अर्ज म्हणजे अर्धा आधीच भाषांतर होता. मी तो परत इंग्रजीत नेला. त्यातला जो भाग इंग्रजीतून आला होता, तो परत जाताना अगदी सहज गेला. महोदया, विषय, विनंती, विश्वासू, कुठेच अडलं नाही. 'पाल्य'सुद्धा गेलं, कारण आपल्याकडच्या शाळांच्या इंग्रजीत त्याला 'वॉर्ड' हा ठरलेला शब्द आहे.

अडलं कुठे? जे आपलं स्वतःचं होतं तिथे. चुलत आजोबा, सुतक, दशक्रिया. रजेचं खरं कारण एवढ्या तीन शब्दांतच होतं आणि मी नेमके तेच सांडले.

इंग्रजीत काका, मामा, मावशा, आत्या सगळे दोन शब्दांत बसतात. चुलत आजोबा म्हणजे आजोबांचे भाऊ. त्यांना नुसतं ग्रँडफादर म्हटलं की वाचणाऱ्याला सख्खेच वाटणार. सुतकाचं 'मोर्निंग' केलं तर दुःख कळतं, पण नियम कळत नाही. सुतक हे मनावर नसतं, भावकीवर असतं. चुलत आजोबांना मुलीने आयुष्यात दोनदाच पाहिलं असेल, तरी सुतक तेवढंच. दहाव्याला दशक्रिया, मग तेरावं, म्हणून तेरा दिवस. हा हिशोब लिहिला नाही तर शिक्षकाला तेरा दिवस म्हणजे गावाकडची मजा वाटते. आणि 'फंक्शन' म्हटलं की इंग्रजी वाचणाऱ्याला मांडव दिसतो.

आता दुसरी गोष्ट, आणि मला हीच जास्त लागली.

दुसऱ्याकडून कागद लिहून घेणं आपल्याकडे नवीन नाही. जुने महजर, करारनामे बघा. लिहिता न येणारा माणूस सही करत नसे, निशाणी करायचा. पाटलाची निशाणी नांगर, न्हाव्याची आरसा. आणि अशा कागदावर लिहिणाऱ्याचं नावही यायचं: 'दस्तुर अमुक' किंवा 'बिकलम अमुक'. म्हणजे बोलणं याचं, हात त्याचा. उद्या वाद झाला तर विचारायचं कोणाला, हे कागदच सांगायचा. स्वतःच्या हाताने लिहिलं तर 'दस्तुर खुद्द'. पुढे अंगठ्याच्या काळातही 'अमुक यांच्या अंगठ्याची निशाणी' असं लिहून शेजारी लिहिणाऱ्याची सही घ्यायची पद्धत राहिली.

माझ्या भाषांतराखाली माझं नाव नव्हतं. शब्द माझे, चूक माझी, सही वहिनींची. त्या निरक्षर नाहीत, बारावी झालेल्या आहेत, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध लिहितात. तरी त्या इंग्रजी कागदापुढे त्यांची अवस्था नांगर काढणाऱ्या पाटलासारखीच होती. उलट पाटलाची जास्त बरी, त्याच्या कागदावर दस्तुर तरी होता.

आपल्या पट्ट्यात हे रोज घडतं. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग भोसरी, आकुर्डी, पुढे चाकण. कारखान्यांबरोबर मराठवाडा-विदर्भातून माणसं आली, तशी केरळ, तमिळनाडू, उत्तर प्रदेश, बिहारमधूनही आली. मुलं इंग्रजी शाळेत एकत्र बसली. शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के जागांमुळे इंग्रजी न येणाऱ्या घरातली मुलंही त्या वर्गात पोचली. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी विषय सक्तीचा झाला. पण ती सक्ती मुलांना शिकवण्याची. आईने लिहिलेला मराठी कागद वाचणार कोण, हा प्रश्न त्यात येत नाही.

यात मॅडमची चूक मी मानत नाही. वर्गात पोरीला तसं विचारायला नको होतं, एवढं खरं. पण त्यांच्या समोर जो कागद होता, तो तसंच सांगत होता. वहिनींनी पहिल्या अर्जाची मराठी प्रत रेशनकार्डाच्या फाइलमध्ये जपून ठेवली होती, म्हणून वाचलो. मी सोबत गेलो. हिंदीत सांगितलं, "मॅडम, ये दादाजी के भाई थे. ट्रान्सलेशन मैंने किया था, गलती मेरी है." त्या दोन मिनिटं कागदाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, आमच्याकडेही आजोबांच्या भावाला वेगळा शब्द आहे, तुम्ही तो लिहिला असता तर मी विचारलंच नसतं. चाचणी परत घेतली.

तेव्हापासून कुणी अर्ज घेऊन आलं की मी तीन गोष्टी करतो.

नात्याचा आणि विधीचा शब्द आहे तसाच इंग्रजी अक्षरांत ठेवतो आणि पुढे एका ओळीत अर्थ देतो. चुलत आजोबा, म्हणजे आजोबांचे भाऊ. सुतक, म्हणजे मृत्यूनंतर भावकीने पाळायचे दहा दिवस. दशक्रिया कोणत्या तारखेला, तेरावं कोणत्या तारखेला, मुलगी शाळेत कधी परत येणार, हे आकड्यात.

सही करण्याआधी इंग्रजी मजकूर परत मराठीत, मोठ्याने वाचून दाखवतो. "असंच म्हणायचंय ना?" विचारतो. इथेच निम्म्या चुका सापडतात. एका बापाने 'अंगात कणकण' लिहिलं होतं, मी 'ताप' करून टाकला. वाचून दाखवल्यावर तो म्हणाला, ताप नाही हो साहेब, ताप लिहिला तर डॉक्टरचा दाखला मागतील.

आणि तिसरं, मूळ मराठी अर्ज टाचणीने मागे जोडतो, भाषांतराखाली स्वतःचं नाव घालतो. भाषांतर करणार अमुक. आपला जुना दस्तुरच तो.

गेल्या आठवड्यात वहिनी परत आल्या होत्या. मामाच्या लग्नाची रजा. मी विचारलं, "सख्खा मामा की चुलत?" हसल्या. म्हणाल्या, "सख्खाच आहे भाऊ, पण तेवढं लिहाच."

तुम्ही कुणाचे अर्ज करून देत असाल, तर तुमच्याकडे कोणता शब्द अडला ते जरूर लिहा.