ई-श्रम कार्ड खिशात आहे, पण विमा?

८ मे २०२०. जालन्याहून गावाकडे पायी निघालेले आणि थकून करमाडजवळ रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. सप्टेंबरमध्ये सरकारने संसदेत सांगितलं, लॉकडाऊनमध्ये किती स्थलांतरित मजूर गेले याची नोंदच नाही. खरं तर असंघटित कामगारांची नोंदणी २००८ च्या कायद्यातच होती. शेवटी सुप्रीम कोर्टाने मुदत घालून दिली, तेव्हा कुठे २६ ऑगस्ट २०२१ ला ई-श्रम पोर्टल सुरू झालं.

परवा आमच्या गल्लीतला गवंडी कार्ड दाखवत म्हणाला, "भाऊ, दोन लाखांचा विमा आहे ना यावर?" मला नाही म्हणावं लागलं. ती अपघाती मदत ३१ मार्च २०२२ पर्यंत नोंदणी आणि अपघातही त्याच मुदतीतला, एवढ्यापुरतीच होती. आता बँकेत पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा अर्ज वेगळा भरावा लागतो. वर्षाला २० रुपये मेअखेर खात्यातून कापले जातात. खात्यात तेवढेही नसले, तर विमा बंद.

त्याचं पासबुक चाळलं. ती २० रुपयांची ओळ कुठेच नव्हती.

तुमच्या घरच्या पासबुकात आहे का, आजच बघा.