भुलेच्या कागदाची कुळकथा

सातारा-सांगलीकडे ऑपरेशन ठरलं की पेशंटला आधी भुलेच्या डॉक्टरांकडे धाडतात. तपासता तपासता ते चार ओळी खरडतात. समजा, माण तालुक्यातला एक शेतकरी हर्नियासाठी आलाय. चिठ्ठीवर आहे: ‘वय ५८. डीएम १० वर्षं, गोळ्या चालू, साखर आटोक्यात. गुटखा. तोंड २ बोटं. एमपी ३. ग्रेड २.’

यावरून नीटनेटका सारांश तयार करायचा असतो; पण चिठ्ठीतल्या शेवटच्या दोन नोंदींची कुळं वेगळी आहेत. ‘ग्रेड’ १९४१ची. अमेरिकेतल्या सॅकलॅड, रोव्हनस्टाइन आणि टेलर या तिघांनी ती आखली. त्यांना हवी होती आकडेवारीसाठी पेशंटच्या प्रकृतीची प्रतवारी. ऑपरेशनचा धोका त्यांनी मुद्दाम बाहेर ठेवला, कारण तो शस्त्रक्रियेवर आणि करणाऱ्या हातांवरही अवलंबून असतो. आज त्याच प्रतवारीच्या सुधारित रूपाला आपण एएसए म्हणतो.

‘एमपी’ म्हणजे मल्लमपाटी. आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या शेषगिरी राव मल्लमपाटी यांनी १९८३मध्ये एका पत्रातून ही कल्पना मांडली आणि १९८५मध्ये २१० पेशंटवर तपासून दाखवली. पेशंटनं बसून तोंड पूर्ण उघडायचं, जीभ बाहेर काढायची, ‘आ’ म्हणायचं नाही. पडजीभ आणि बाजूच्या कमानी दिसल्या तर पहिला वर्ग. त्यांचे वर्ग तीनच होते. चौथा सॅमसून आणि यंग यांनी १९८७मध्ये जोडला.

आता शेतकऱ्याकडे वळू. आटोक्यातल्या मधुमेहामुळे ग्रेड २, म्हणजे प्रकृती बरी. पण तोंड त्याच्याच तीन बोटांइतकं उघडायला हवं, ते दोनच उघडतं. गुटख्यानं गालाच्या आत ताठ पट्टे धरले असतील, तर भूल दिल्यावरही ते सैल पडत नाहीत. दाढदुखीनं मिटलेलं तोंड मात्र बहुधा सैलावतं. तोंडच पुरतं उघडत नसताना एमपीच्या आकड्यावर एकट्यानं विसंबता येत नाही.

म्हणून सारांशात लिहायचं: ‘प्रकृती: एएसए २, मधुमेह. श्वासमार्ग: अवघड ठरण्याची शक्यता, तोंड २ बोटं, एमपी ३, गालात पट्टे आहेत का ते पाहावं. मान: नोंद नाही. आधीची भूल: नोंद नाही.’ हर्निया कमरेतल्या इंजेक्शनवर करायचा ठरला तरी श्वासमार्गाची ओळ गाळायची नाही. इंजेक्शन लागू पडलं नाही, तर नळी घालण्याची वेळ येते. अशा तोंडासाठी नाकावाटे, पेशंट जागा असताना दुर्बिणीनं नळी घालायची तयारी आधीच हवी.

चिठ्ठीत जे नाही, ते सारांशात ‘नॉर्मल’ म्हणून भरू नका. ‘नोंद नाही’ असं लिहा आणि पेशंटला टेबलावर घेण्याआधी विचारून घ्या.