शस्त्रक्रियेपूर्वीचा उपवास व गोळ्या (मधुमेह-रक्तदाब)

भूल देण्याआधी पोट रिकामे ठेवणे आणि रोजच्या गोळ्यांपैकी कोणत्या घ्यायच्या, कोणत्या थांबवायच्या यासंबंधीच्या सूचना. भुलेत घशाची राखण ढिली पडते आणि पोटातले अन्न उलटून फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून जड, तळलेले किंवा मांसाहारी जेवण आठ तास, हलके खाणे सहा तास आणि साधे पाणी दोन तास आधी थांबवतात. मधुमेहात पोट सावकाश रिकामे होत असेल, तर याहून जास्त अंतर सांगतात.

घोळ होतो तो ‘उपवास’ या शब्दाने. खानदेशात काय, कुठेही काय, एकादशीच्या उपवासाला साबुदाण्याची खिचडी चालते. त्यामुळे ‘उपाशीच आहे, नुसता चहा घेतला’ असे पेशंट अगदी खरेपणाने सांगतो. दूध घातलेला चहा भुलेच्या हिशेबात खाण्यातच मोडतो, त्यालाही सहा तास.

समजा, साक्रीकडच्या एकाची पित्ताशयाची शस्त्रक्रिया धुळ्याला गुरुवारी सकाळी नऊला आहे. रोज सकाळी तो ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन आणि टेल्मिसार्टन-अॅम्लोडिपिन घेतो. डापाग्लिफ्लोझिनची शेवटची गोळी रविवारी. पुढचे तीन दिवस बंद. या औषधावर उपाशी राहिल्यास रक्तात आम्ल साचू शकते, आणि साखर फारशी वाढलेली नसल्याने ते ग्लुकोमीटरवर कळत नाही. मळमळ, पोटदुखी, धाप लागली तर कीटोन तपासावे लागतात. गोळी थांबवली नव्हती हे ऐनवेळी लक्षात आले, तर शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते. या तीन दिवसांत साखर वाढली तर काय करायचे, तेही आधीच विचारून ठेवावे.

बुधवारी सकाळी बाकीच्या गोळ्या नेहमीप्रमाणे. रात्री नऊला जेवण. गुरुवारी साखरेची गोळी नाही, कारण ग्लिमेपिराइड उपाशीपोटी साखर खाली ओढते. टेल्मिसार्टन बहुतेक जण चोवीस तास आधी थांबवतात, कारण भुलेत रक्तदाब घसरून लवकर वर येत नाही. यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. अॅम्लोडिपिन मात्र घोटभर पाण्याबरोबर घ्यायची. दोन्ही एकाच गोळीत असल्याने नुसती अॅम्लोडिपिन वेगळी लिहून घ्यावी लागते. गोळी मोडून भागत नाही. पाणी सातपर्यंत. मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर ती अचानक सोडू नये.

एसटीत घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि साखर ७०च्या खाली दिसली, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यावी. दूध किंवा बिस्किटे नकोत. काय आणि किती वाजता घेतले ते भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगावे.

सूचना तोंडी ऐकून ‘बीपीची गोळी बंद’ एवढेच लक्षात राहते, आणि पाकिटावर तर भलतेच नाव असते. भूलपूर्व तपासणीला पाकिटेच न्यावीत. इन्सुलिनचा हिशेब वेगळा. त्यासाठी पाहा : इन्सुलिन व शस्त्रक्रिया.