‘ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये’: इंग्रजीतली सोन्याची अंडी इथे कुठवर चालतात?

शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्याहून दौंडच्या चौफुल्याकडे निघालात की वाटेत भीमा नदी लागते. नदीच्या दोन्ही काठांना ऊस आहे. दौंडच्या बाजूला राहू, केडगावच्या पट्ट्यात हंगामात गुऱ्हाळांची चुलाणं धडधडत असतात. या भागात लहानपण गेलेल्या कुणालाही ‘ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये’ ही म्हण समजावून सांगावी लागत नाही. अडचण येते ती तिचं इंग्रजी करताना.

शाळेतल्या निबंधापासून बातमीच्या भाषांतरापर्यंत बहुतेक जण या म्हणीसाठी एकच वाक्प्रचार वापरतात, ‘डोन्ट किल द गूज दॅट लेज द गोल्डन एग्ज’. म्हणजे सोन्याची अंडी देणारा पक्षी मारू नका. हे भाषांतर चुकीचं नाही, पण ते अर्ध्या वाटेपर्यंतच सोबत करतं.

म्हणीचा अर्थ काय?

एखादी गोष्ट किंवा एखादा माणूस चांगला आहे म्हणून त्याचा प्रमाणाबाहेर फायदा घेऊ नये, हा या म्हणीचा रूढ अर्थ. ‘ऊस गोड म्हणून मुळापासून खाऊ नये’ असंही ती ऐकायला मिळते. दोन्हींत क्रियापद ‘खाणे’ हेच आहे. म्हणजे म्हण शेतकऱ्याच्या हिशेबातून नाही, तर खाणाऱ्याच्या तोंडून बोलते.

इंग्रजी वाक्प्रचार इसापच्या गोष्टीतून आला. एका माणसाकडे रोज एक सोन्याचं अंडं देणारा पक्षी असतो. सगळं सोनं एकदम मिळावं म्हणून तो पक्ष्याचं पोट फाडतो आणि आत काहीच सापडत नाही. ‘गूज’ हा हंसाच्या जातीचा, बदकाहून मोठा पाळीव पक्षी. मराठीत हीच गोष्ट सांगताना आपण त्याची कोंबडी केली. फ्रेंच कवी ला फोंतेन यानेही कोंबडीच केली होती. त्यामुळे इंग्रजी वाक्प्रचाराचं खरं मराठी रूप आपल्याकडे आधीच आहे, ‘सोन्याची अंडी देणारी कोंबडी कापणे’. उसाची म्हण तिच्याशेजारी वेगळी टिकून आहे, कारण ती वेगळं काम करते.

कुठे जुळतं?

दोन्हीकडे सांगणं एकच आहे, की जिथून मिळतं ते मूळच संपवू नका. शेतात बघितलं तर हे साम्य आणखी पक्कं दिसतं.

ऊस तोडला तरी जमिनीखाली त्याचं बेट जिवंत राहतं. त्याच्या डोळ्यांतून पुन्हा कोंब फुटतात आणि दुसरं पीक उभं राहतं. त्यालाच खोडवा म्हणतात. खोडव्याला नव्याने नांगरट लागत नाही आणि बेण्याचा खर्चही वाचतो. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस तुटायला साधारण 16 ते 18 महिने घेतो, खोडवा मात्र 11-12 महिन्यांत तोडणीला येतो. मूळ उपटलं तर हे सगळं गेलं. म्हणीत खोडव्याचा शब्दही नाही, पण ऊस पिकवणाऱ्या गावात ती ऐकताना हा अर्थ आपोआप जोडला जातो.

कुठे तुटतं?

पहिला फरक तोडण्याचा. पक्ष्याच्या गोष्टीत सुरी लावणंच चूक आहे. उसाचं उलट आहे. ऊस तोडायचाच असतो आणि तोही जमिनीलगत. कोयता वर लागून लांब बुडखे राहिले, तर वरच्या डोळ्यांतून अशक्त फुटवे येतात आणि खोडवा विरळ होतो. म्हणून तोडणीनंतर राहिलेले बुडखे पुन्हा जमिनीलगत छाटून घेतात. थोडक्यात, इंग्रजी वाक्प्रचार ‘हात लावू नका’ म्हणतो. मराठी म्हण ‘घ्या, जमिनीपर्यंत घ्या, पण तिथे थांबा’ म्हणते.

दुसरा फरक मोहाचा. गोष्टीतल्या माणसाचा अंदाजच खोटा ठरतो, कारण पोटात सोनं नव्हतंच. उसातला मोह मात्र खरा आहे. शेंड्याकडचं वाढं फिकं लागतं आणि बुडख्याकडे जावं तसा गोडवा वाढतो. ऊस पक्व झाला का हे पाहताना रिफ्रॅक्टोमीटरवर शेंड्याकडच्या आणि बुडख्याकडच्या रसाचा ब्रिक्स ताडून बघतात. दोन्ही आकडे जवळ आले की ऊस तोडणीला आला. तोवर बुडख्याचा आकडा पुढे असतो. म्हणजे खाणारा जितका खाली जाईल तितकं त्याला जास्त गोड लागतं आणि पुढचा घास आणखी गोड असेल असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण त्या पुढच्या घासाला तोंडात माती येते. ‘गोड लागला म्हणून’ यातल्या ‘म्हणून’मध्ये हीच सवय पकडलेली आहे. इथे माणूस मूर्ख नाही, त्याला थांबायचं कळत नाही एवढंच.

तिसरा फरक सगळ्यात महत्त्वाचा, तो मालकीचा. पक्षी त्या माणसाचा स्वतःचा होता. त्याने स्वतःचंच नुकसान केलं. उसाची म्हण मात्र बहुतेकदा दुसऱ्याच्या चांगुलपणाबद्दल वापरली जाते. समजा, तुमची विहीर आटली आहे आणि शेजारचे आबा आठवड्यातून एकदा त्यांच्या विहिरीचं पाणी देतात. मुलगा विचारतो, “आई, आज पण आबांची मोटर चालू करू का? ते काही बोलत नाहीत.” आई म्हणते, “अरे, ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये.”

इथे इंग्रजी वाक्प्रचार बसवून बघा. आबा सोन्याची अंडी देणारा पक्षी होतात. आईचं बोलणं ‘आबांना दुखवू नको, नाहीतर आपलं पाणी बंद होईल’ असं हिशेबी वाटू लागतं. ती हिशेबही करत असेल, पण तिच्या बोलण्यात आबांची भीड आहे आणि ते काही बोलत नाहीत याचा गैरफायदा घेण्याची लाज आहे. भाषांतरात नेमकं तेवढंच गळतं.

मग इंग्रजीत काय लिहायचं?

विषय उत्पन्नाच्या साधनाचा असेल, म्हणजे भूजल, जमिनीचा कस किंवा पर्यटनाचं ठिकाण, तर सोन्याची अंडी चालतात. विषय माणसाच्या भलेपणाचा असेल तर ‘डोन्ट टेक ॲडव्हांटेज ऑफ हिज काइंडनेस’ असं साधं वाक्य बरं. त्यात ऊस राहत नाही, पण अर्थ राहतो. ‘गिव्ह देम ॲन इंच अँड दे विल टेक अ माइल’ हेही सुचवलं जातं. मात्र ते देणाऱ्याच्या बाजूने केलेली तक्रार आहे, ‘बोट दिलं तर हात धरतो’ या आपल्या म्हणीसारखी. उसाची म्हण घेणाऱ्याला, आणि तेही आपल्याच घरातल्या घेणाऱ्याला, वेळीच थांबवते.

उलट दिशेने येतानाही हेच तपासा. इंग्रजी बातमीत कुणी आपलाच चालता धंदा हावरेपणाने बुडवल्याचं लिहिलं असेल, तर मराठीत उसाची म्हण आणू नका. तिथे कोंबडी कापून झालेली असते. उसाची म्हण सांगायची वेळ त्याआधीची, शेवटचं पेर अजून हातात असतानाची.