सलाहुद्दीन ११३७ चा की ११३८ चा?

सुलतान सलाहुद्दीन अय्युबीचा जन्म एका पुस्तकात ११३७ सालचा, तर दुसऱ्यात ११३८ चा सापडतो. नववीतल्या एका मुलीने मला सरळ विचारलं, "सर, यातलं खोटं कोणतं?" खरं तर इथे दोन साक्षी नाहीतच. साक्ष एकच आहे आणि ती हिजरी सनात आहे.

ती साक्ष बहाउद्दीन इब्ने शद्दादची. हा सुलतानाच्या लष्कराचा काझी, ११८८ पासून त्याच्या सोबत असलेला माणूस. जन्म तिक्रितच्या किल्ल्यात, हिजरी ५३२ मध्ये झाला, असं तो लिहितो. ज्यांनी कुंडली मांडण्यासाठी जन्मवेळेचा शोध घेतला होता, अशा विश्वासू लोकांकडून ही माहिती आपल्याला कळली, हेही तो सांगतो. कुंडलीसाठी शोधलं, म्हणजे त्या लोकांकडे दिवसही असणार. पण काझीसाहेबांनी फक्त साल नोंदवलं, महिना नाही.

आता हिजरी ५३२ सुरू झालं १९ सप्टेंबर ११३७ ला आणि संपलं ७ सप्टेंबर ११३८ ला. म्हणजे एक हिजरी साल दोन इसवी सालांवर पसरलं. शके लिहिताना आपल्याकडेही हेच होतं. वर्ष पाडव्याला सुरू होतं, त्यामुळे माघ-फाल्गुनातली घटना पुढच्या इसवी सालात जाते. महिना न पाहता ७८ मिळवणारा तिथेच चुकतो.

मग वजन कुणाला द्यायचं? ५३२ च्या ३५४ दिवसांपैकी ११३७ मध्ये पडतात १०४ आणि ११३८ मध्ये २५०. महिना ठाऊक नसेल तर पारडं ११३८ कडे झुकतं, पण ११३७ बाद होत नाही. म्हणून जाणकार '११३७/३८' असं लिहितात. मला तेच योग्य वाटतं. एकच साल छापणारा लेखक स्रोतात नसलेली खात्री स्वतःच्या पदरची घालतो.

वयावरून मागे मोजणाऱ्यांचा घोळ वेगळाच. सुलतान वारला २७ सफर ५८९ ला, म्हणजे ४ मार्च ११९३ ला. ५८९ मधून ५३२ गेले, उरले ५७. हे ५७ कुणी ११९३ मधून वजा केले तर ११३६ येतं. तेव्हा ५३२ सुरूही झालं नव्हतं! चांद्रवर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असतं, त्यामुळे इतक्या आयुष्यात दीडेक वर्षाचा फरक पडतो. सौर हिशेबाने तो पंचावन्नच्या आसपास होता.

इब्ने खल्लिकान एक गोष्ट सांगतो. ज्या रात्री मूल जन्मलं, त्याच रात्री घराण्याला तिक्रित सोडावं लागलं. त्या निघण्याची पक्की तारीख हाती असती, तर वाद तिथेच मिटला असता. पण इब्ने खल्लिकान पुढच्या शतकातला, आणि अशी योगायोगाची रात्र थोरांच्या चरित्रांत जरा जास्तच वेळा येते. म्हणून मी या गोष्टीला काझीच्या नोंदीइतकं वजन देत नाही.